पहिल्या नंबरचा कंटाळा

श्रावणीच्या राजीनाम्याची मेल आली त्या दिवशीही बोर्डावर तिचंच नाव पहिलं होतं. मला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाची तरी मेल चुकून तिच्या नावाने आली. शेवटच्या नंबरवरचा माणूस नोकरी सोडतो हे मी पाहिलं होतं, पहिल्या नंबरवरचा सोडतो हे नवीनच.

मी वैजयंती. होटगी रोडवर टायरच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस आहे, तिथे मी टीम लीडर. आमची कंपनी शेतातल्या मोटारींना लावायचा मोबाईल स्टार्टर बनवते. शेतकऱ्याने घरबसल्या फोन लावायचा आणि तिकडे विहिरीवरची मोटार सुरू व्हायची. होते असं जाहिरातीत आहे. झाली नाही की फोन आमच्याकडे. सिममधला रिचार्ज संपलेला असतो, विजेच्या तीनातली एक फेज गेलेली असते, विहिरीत पाणीच नसतं, आणि शिव्या मात्र आमच्या पोरांना. माढा, पंढरपूर, अक्कलकोटपासून पार कर्नाटकातल्या विजयपूरपर्यंतचे फोन आमच्या डझनभर हेडसेटांवर येतात.

श्रावणी मोडनिंबची. शेतकऱ्याची मुलगी, त्यामुळे मोटार म्हटलं की तिला चित्र डोळ्यांसमोर दिसतं. पुण्याच्या हेड ऑफिसने गुणांचा बोर्ड लावल्यापासून ती दर महिन्याला पहिली येत होती. फोन जितक्या लवकर संपेल तितके गुण जास्त, फोन दुसऱ्याकडे पाठवला की गुण कमी, आणि महिन्याअखेर पहिल्याचा फेटा बांधून सत्कार. सत्काराला आम्ही सोलापुरी चादर देतो, दुसरं काय देणार. तिच्या घरी आता पाहुणे कमी आणि चादरी जास्त अशी गत होती.

मी तिला खाली चहाच्या टपरीवर नेलं. दुसरीकडे नोकरी लागली का विचारलं, नाही म्हणाली. लग्न ठरलं का, तेही नाही. पगार वाढवून देऊ असं पुण्याने मला सांगून ठेवलं होतं, तेही बोलून पाहिलं. पगार ठीक आहे म्हणाली. मग काय बाई, असं मी जरा वैतागूनच विचारलं. मला कारण नसलेल्या गोष्टींचा राग येतो.

"काय न्हाय मॅडम. मन लागत न्हाय," ती म्हणाली. "सकाळी गाडीत बसले की माघारी फिरावं वाटतं."

नोटिशीचा महिना होता. तेवढ्यात तिला थांबवायचं असं मी ठरवलं. खरं सांगायचं तर मला ती आवडते, आणि ती जाणार म्हटल्यावर मला नुसतं वाईट वाटलं नाही, भीती वाटली. जिला सगळं मिळालं तीच चालली, तर बाकीच्यांना मी कशाच्या जोरावर धरून ठेवणार?

त्याच सुमारास पुण्याहून अवधूत सर आमच्याकडे मॅनेजर म्हणून आले होते. माझ्यापेक्षा वयाने लहान, मानसशास्त्रात एमए, शर्टाला कडक इस्त्री. शिकलेल्या माणसाची थोडी चेष्टा केल्याशिवाय मला चैन पडत नाही, म्हणून मी त्यांना म्हटलं, "सर, तुमच्या पुस्तकात चादरीचा कंटाळा येण्यावर काही औषध आहे का?" त्यांनी चेष्टा मनावर घेतली नाही. खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, आहे की.

त्यांनी सांगितलं त्याला सेल्फ डिटरमिनेशन थिअरी म्हणतात. माणूस कामात मनापासून रमायचा असेल तर त्याच्या तीन भुका भागाव्या लागतात. आपण जे करतोय ते आपल्या मर्जीनं, आपल्याला पटून करतोय असं वाटणं, ही स्वायत्तता. आपल्याला हे जमतं, आपल्यामुळे काहीतरी होतं असं वाटणं, ही सक्षमता. आणि आपण कुणाचे तरी आहोत, कुणाला तरी आपली पर्वा आहे असं वाटणं, ही आपुलकी. या तिन्हींची उपासमार झाली की माणूस हजेरी लावतो, पण बळंच. त्यांनी एक जुना प्रयोगही सांगितला. काही विद्यार्थ्यांना गमतीची कोडी सोडवायला दिली. त्यातल्या काहींना प्रत्येक कोड्यामागे पैसे दिले. पुढे पैसे बंद झाल्यावर त्यांनी मोकळ्या वेळात कोड्यांना कमी हात लावला. ज्यांना कधीच पैसे दिले नव्हते, ते मात्र खेळत राहिले.

"म्हणजे पगार बंद करायचा?" मी विचारलं.

ते हसले. पगार रास्तच हवा म्हणाले, त्यावर वाद नाही. घोळ तेव्हा होतो जेव्हा बक्षिसाचा लगाम करून माणसाला ओढलं जातं. मग त्याचं लक्ष कामावरून उठून बक्षिसावर जातं, आणि मुळात काम आवडत होतं हेच तो विसरतो.

मला हे ऐकून बरं वाटलं, कारण निदान कुणीतरी कारण सांगत होतं. आणि मग आम्ही दोघांनी मिळून जे केलं त्याला तोड नाही. सोमवारी सकाळी आम्ही टीमला जाहीर केलं की यापुढे सगळ्यांना स्वायत्तता आहे. प्रत्येकाने फोन उचलल्यावरचं पहिलं वाक्य स्वतःच्या मनाने ठरवायचं, बुधवारपर्यंत लिहून द्यायचं, आणि पुण्याची मंजुरी आल्यावरच वापरायचं. सक्षमतेसाठी बोर्डावर आणखी एक रकाना. आणि आपुलकीसाठी दर शुक्रवारी संध्याकाळी आपुलकी तास, भेळ कंपनीकडून, हजेरी सक्तीची, अंगठा मशीनवर.

पहिल्या आपुलकी तासाला सगळे आले. येतील नाही तर जातील कुठे. पोरं भिंतीला टेकून भेळ खात मोबाईल बघत होती. अक्कलकोटचा गुरुशांत, जो एरवी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना हसवतो, तो घड्याळाकडे बघत होता, कारण त्याची शेवटची बस चुकणार होती. श्रावणी कोपऱ्यात एकटीच. कुणी तिच्याशी भांडलं होतं असं नाही. पण तिच्याशेजारची खुर्ची रिकामी होती आणि ती रिकामीच राहिली. सर माझ्याकडे बघत होते, मी सरांकडे. लग्नातला नवरदेवसुद्धा एवढा अवघडलेला नसतो.

ही गोष्ट माझ्या डोक्यातून जाईना. पहिल्या नंबरच्या पोरीच्या शेजारी कुणी बसत नाही, हे मला आजवर दिसलं कसं नाही? दुसऱ्या दिवशी मी तिचे फोन ऐकायला घेतले. सगळे रेकॉर्ड होतात, पण आम्ही ऐकतो फक्त तक्रार आली तरच. तिची तक्रार कधी आलीच नव्हती.

आधी अलीकडचे ऐकले. नमस्कार, नाव, नंबर, बटण दाबा, हिरवा दिवा लागला का, लागला, तक्रार बंद करते, धन्यवाद. तोंडात साखर, एक शब्द वाया नाही. पैकीच्या पैकी गुण. मग बोर्ड येण्याच्या आधीचे शोधून काढले. त्यात श्रीपूरकडच्या रंभाबाई नावाच्या एका आजींचा फोन होता. उसाला पाणी द्यायचं होतं आणि मोटार दाद देत नव्हती. श्रावणी त्यांना म्हणाली, आजी, दिवा लागला ना, आता पाटापाशी जावा, मी फोन धरून ठेवते. मग बराच वेळ फोनवर नुसता वारा आणि चपलांचा आवाज. मध्येच श्रावणीने शेजारी बसलेल्या गुरुशांतला विचारलेलं ऐकू येत होतं, अरे मोटार फिरतीया पण पाणी न्हाय, व्हॉल्व्ह असंल का? गुरुशांत म्हणाला, उलटी फिरत असेल, दोन वायरी अदलाबदल करायला सांग वायरमनला, आजींना हात लावू देऊ नको. कुणीतरी पुतण्या वायरमनला घेऊन आला. शेवटी आजी ओरडल्या, आलं गं बाई आलं. आणि श्रावणी खदखदून हसली.

तसं हसताना मी तिला कित्येक महिने ऐकलं नव्हतं. मी हेडसेट काढला आणि नाक पुसलं. कुणी बघितलं नाही, बरं झालं.

आता माझी उत्सुकता शिगेला पोचली. अलीकडच्या फोनांमधले नंबर घेऊन मी बघितलं, तेच शेतकरी थोड्या वेळाने परत फोन करत होते. दिवा लागलेला असतो, पण पाणी आलेलं नसतं. परतीचा फोन दुसऱ्या कुणाच्या हेडसेटवर जाई, त्यामुळे तो नवीन फोन म्हणून मोजला जाई, आणि पहिल्याचे गुण शाबूत राहत. बोर्ड हिरवागार आणि शेत कोरडं. कन्नड बोलणारा शेतकरी आला तरी कुणी कन्नड येणाऱ्या गुरुशांतकडे पाठवत नव्हतं, कारण पाठवलं की गुण कापले जातात. पोरं हातवारे केल्यासारखी मराठीतच खिंड लढवत होती.

मी श्रावणीला बोलावलं, सरही होते. रंभाबाईंचा फोन तिला ऐकवला. ती लाजली. मी विचारलं, हल्ली फोन धरून का ठेवत नाहीस?

"धरला तर टाइम जातो की. नंबर जातो," ती म्हणाली. मग म्हणाली, "मॅडम, सगळे म्हणत्यात मी एक नंबर. पन पाणी आलं का न्हाय, ते मला कळतच न्हाय. मला काम येतंय का, हेच मला म्हाईत न्हाय आता. आन् बाकीच्या पोरांना वाटतं मी चादरीसाठी करते. कुणी काय सांगत न्हाय, मीबी कुणाला सांगत न्हाय."

ती गेल्यावर सरांनी रेकॉर्डिंग बंद केलं. मग म्हणाले, वैजयंतीताई, तिन्ही भुका तिच्या एवढ्याशा बोलण्यात आल्या. गुण म्हणजे सक्षमता नव्हे. गुण आपण देतो, पण काम झालं की नाही हे कामानेच सांगावं लागतं, आणि तेच आपण मधून कापलं. स्वायत्ततेचं म्हणाल तर फोन कधी ठेवायचा ते बोर्ड ठरवतो, आणि पहिलं वाक्यसुद्धा आपण पुण्याच्या मंजुरीला पाठवलं. आणि आपली भेळ म्हणजे हुकमाने वाटलेली आपुलकी. तिन्ही गोष्टी बरोबर निवडल्या आणि तिन्ही लादल्या. मी म्हटलं, सर, लादायची सवय मला लग्नाआधीपासून आहे, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ते पुन्हा हसले, पण कान लाल झाले होते.

सरांनी पुण्याशी भांडून महिन्याअखेरपर्यंत बोर्ड उतरवण्याची परवानगी काढली. परतीच्या फोनांचे आकडे दाखवल्यावर तिकडे फारसं कुणी बोललं नाही. मग त्यांनी टीमला बसवलं. या वेळी जाहीर काही केलं नाही. एक अडचण मात्र सांगितली आणि तिचं कारणही सांगितलं. सकाळी ठरावीक तासच थ्री फेज लाइट येते तेव्हा सगळे शेतकरी एकदमच मोटार लावतात आणि सगळे फोन एकदमच येतात. त्या वेळी प्रत्येकाने फोन धरून बसायचं ठरवलं तर बाकीचे रांगेत ताटकळतात आणि लाइट जाते. हे मला टाळता येत नाही, ते म्हणाले. यात काम कसं करायचं ते तुम्ही सांगा. तुम्हाला वैताग येत असेल तर तोही सांगा, येणं साहजिक आहे.

 मला तर मध्येच बोलून एखादा उपाय सुचवायची अशी ऊर्मी आली की मी तोंडात सुपारी टाकली. शेवटी गुरुशांत म्हणाला, "सर, कन्नड फोन माझ्याकडं पाठवा म्हणा की. त्यात काय गुण बिण नकोत." मग एकेकाला वाचा फुटली. गर्दीच्या वेळी दिव्यापर्यंत आणायचं आणि सोडायचं, पण दुपारी गर्दी ओसरली की ज्याने फोन घेतला त्यानेच परत लावायचा आणि पाणी आलं का विचारायचं, असं त्यांनीच ठरवलं. अवघड फोन आला की तो दुसऱ्या दिवशी चहाला सगळ्यांनी मिळून ऐकायचा, पण ज्याचा फोन त्याची इच्छा असेल तरच. श्रावणी शेवटपर्यंत बोलली नाही. तिला तर जायचंच होतं.

पहिला आठवडा म्हणजे नुसता गोंधळ. फोन लांबले, पुण्याहून मला रोज विचारणा. ऋतुराज नावाचा नवा पोरगा तर एकेका शेतकऱ्याशी डाळिंबाच्या भावावर गप्पा मारत बसायचा. मी त्याला फैलावर घ्यायला निघाले होते. स्वायत्तता म्हणजे मोकाट सुटणं नव्हे, असं वाक्यही तयार ठेवलं होतं. सर म्हणाले, वाक्य चांगलं आहे, पण आधी का ते विचारून तर बघा. विचारलं तर पोरगा रडवेला झाला. त्याला फेज आणि ड्राय रन यातला फरकच कळत नव्हता. कळत नाही हे लपवायला तो गप्पा मारायचा. मी वाक्य गिळलं.

त्याला शिकवायला मी गुरुशांतला सांगणार होते. तेवढ्यात बघते तर श्रावणीने तिची खुर्ची ओढून त्याच्या शेजारी नेली होती आणि कागदावर स्टार्टर काढून दाखवत होती. विहिरीत पाणी संपलं की मोटार रिकामी फिरून जळू नये म्हणून स्टार्टर स्वतःच ती बंद करतो, तो ड्राय रन. तिथे शेतकऱ्याला परत परत बटण दाबायला सांगायचं नसतं, आधी विहिरीत डोकावायला सांगायचं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मी चोरून बघत उभी राहिले. ऋतुराजने काहीतरी येड्यासारखं विचारलं आणि ती हसली, तशी, फोनमधल्यासारखी.

दुपारी पाणी आलं का विचारायचे फोन ती आता न चुकता लावायची. पाणी आलं म्हटलं की हात वर करायची, का कुणास ठाऊक, आणि मग बाकीचेही करायला लागले. काही शेतकऱ्यांकडे पाणी आलेलं नसायचं, तेव्हा तोंड पाडून पुन्हा सुरुवातीपासून सगळं विचारायची. तीन दिवस एका मोटारीचं कोडं सुटेना तेव्हा ती घरी जाताना सरांशी जिन्यात त्यावरच वाद घालत होती. परत परत येणारे फोन कमी होऊ लागले हे पुण्याला आकड्यांत दिसलं. मला ते आकड्यांच्या आधी दिसलं, डबे पुन्हा एका टेबलावर उघडायला लागले होते.

पण तिने राजीनामा मागे घेतला नव्हता. मी विचारलं नाही. रोज विचारावंसं वाटे आणि रोज गप्प बसे, आणि हे माझ्या स्वभावाला किती जड गेलं ते माझ्या नवऱ्याला विचारा. महिना संपत आला तशी पुण्याची मेल आली. ती राहणार की नाही ते संध्याकाळपर्यंत कळवा, शक्य ते सगळं करून थांबवा.

शक्य ते सगळं माझ्यापाशी होतं. मी तिला हात जोडू शकत होते. तुझ्यासाठी बोर्ड उतरवला, सर पुण्याशी भांडले, आता तू गेलीस तर आम्ही पुण्याला काय तोंड दाखवू, असं म्हणू शकत होते, आणि ती विरघळली असती. ओळखते मी तिला. दुपारी ती स्वतःच माझ्या टेबलापाशी आली.

"मॅडम, मी गेले तर तुमाला अवघड जाईल का?"

अगदी हातात आयतं दिलं होतं तिने. माझ्या तोंडात हो आलं, आणि त्यापुढचं सगळं रडगाणंही आलं.

"जाईल," मी म्हटलं. "पण ते मी निस्तरीन, ते माझं काम आहे. तू राहावीस असं मला मनापासून वाटतं, खोटं कशाला बोलू. पण माझ्यासाठी राहू नकोस. गेलीस तरी चांगलं पत्र देईन, आणि ऋतुराजला गुरुशांत शिकवेल."

तिने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं. 

"तुमी हातापाया पडला असता तर राहिले असते," ती म्हणाली. "पन मग रोज तुमच्यासाठी आले असते. आन् दिवाळीपतूर तुमचाच राग आला असता."

"आणि आता?"

"आता उद्या येते. त्या मोटारीचं बघायचं हाय. परवाचं परवा ठरवीन मॅडम. पन मीच ठरवीन."

एवढं बोलून ती जागेवर जाऊन बसली आणि पुढचा फोन घेतला. मला तिला मिठी मारावीशी वाटली आणि एक चापटही मारावीशी वाटली. संध्याकाळी सर आले, पुण्याला काय कळवू म्हणाले, राहतेय का?

"उद्या येणार आहे," मी म्हटलं.

"आणि परवा?"

"ते तिला विचारा, सर. मला नका विचारू."